ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं

पर्समधली एक नोट कमी आहे. काल रात्री ती होती, मध्ये घरात बाहेरचं कुणी आलेलं नाही. आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या दप्तरात, वहीच्या पानांमध्ये दडवलेले स्टिकर्सचे तीन कागद सापडले आहेत, अर्धेअधिक रिकामे झालेले. घरातल्या कुणीही ते तिला आणून दिलेले नाहीत. आई ते कागद मागे धरून मुलीसमोर उभी राहते आणि विचारते, "माझ्या पर्समधून पैसे घेतलेस का?"

मुलगी म्हणते, "नाही."

मला या लेखात मुख्यतः आईच्या त्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या चोरीबद्दल आणि खोटेपणाबद्दल पालक जेव्हा हवालदिल होऊन बोलतात, तेव्हा त्यांच्या सांगण्यात हा प्रश्न जवळजवळ नेहमी असतो. आणि त्यांना सर्वांत जास्त राग आलेला असतो तो पैशांचा नसतो. "तोंडावर खोटं बोलली हो," हे त्यांचं खरं दुःख असतं. पण नीट पाहिलं तर दिसतं की पैसे काल गेले होते आणि खोटं आज जन्माला आलं. काल फक्त एक चूक झाली होती. आईला उत्तर माहीत असलेला प्रश्न तिने विचारला आणि एकाच्या दोन चुका झाल्या.

त्या अर्ध्या क्षणात मुलीपुढे काय असतं ते बघा. "हो" म्हटलं तर काय होईल हे तिला नक्की माहीत आहे. "नाही" म्हटलं तर कदाचित सुटका आहे. आईच्या हातात कागद आहेत हे तिला दिसत नाही. नऊ वर्षांचंच काय, कोणतंही माणूस घाबरलेलं असताना दूरच्या विश्वासापेक्षा जवळची सुटका निवडतं. एकदा "नाही" निघून गेलं की मागे फिरणं आणखी अवघड होतं, कारण आता कबूल करायच्या गोष्टी दोन झाल्या. म्हणून मग स्टिकर्स "मैत्रिणीने दिले", मैत्रिणीला "तिच्या काकांनी दिले", आणि संध्याकाळपर्यंत त्या पहिल्या "नाही"भोवती एक अख्खं कुंपण उभं राहतं. या धांदलीत नोट परत करण्याचा विषय बाजूलाच पडतो. कित्येक घरांत मुलाला चोरीबद्दल मार बसतो, बोलणी बसतात, पण घेतलेली वस्तू ज्याची त्याला परत गेलेली नसते.

हे वय या दृष्टीने मोठं वेगळं आहे. चार वर्षांचं मूलही खोटं बोलतं, पण त्याचं खोटं दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं. "खोक्यात काय आहे ते पाहिलंस का?" "नाही." "मग काय असेल बरं?" "ससा!" खोटं टिकवायचं तर तीन गोष्टी एकदम जमाव्या लागतात: मला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही हे कळणं, ओठांवर आलेलं खरं थोपवणं, आणि आपण आधी काय सांगितलं ते ध्यानात ठेवून पुढचं त्याला जुळवणं. सात-आठ वर्षांनंतर या तिन्ही गोष्टी एकत्र येऊ लागतात. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली हे कॅनडातले संशोधक अनेक वर्षं मुलांच्या खोट्याचा अभ्यास करत आले आहेत. सहकाऱ्यासह 2007 मध्ये त्यांनी सहा ते अकरा वर्षांच्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्याचं उत्तर मुलांना येणं शक्यच नाही असा प्रश्न त्यांना दिला आणि कार्डामागे उत्तर आहे, पण बघायचं नाही, असं सांगून मोठं माणूस खोलीबाहेर गेलं. ज्यांनी डोकावलं त्यांतल्या बहुतेकांनी ते नाकारलं. त्यानंतरच्या उलटतपासणीत मात्र वयाचा फरक दिसला. मुलं जितकी मोठी तितकं आपल्याला काहीच माहीत नाही असं दाखवणं त्यांना चांगलं जमत होतं.

म्हणजे नवव्या वर्षी खोटं पटकन जमू लागणं ही मूल बिघडल्याची खूण नाही. बुद्धीची वाढ पुढे गेली आहे आणि स्वतःला आवरण्याची ताकद अजून मागे आहे, एवढाच त्याचा अर्थ. "तुला कळत नाही का, दुसऱ्याचे पैसे घेऊ नयेत?" हा प्रश्नही म्हणूनच वाया जातो. तिला कळतं. शाळेत जायला लागेपर्यंत मुलांना माझं-तुझं चांगलं उमगलेलं असतं. तिने कागद वहीत लपवले, हाच कळत असल्याचा पुरावा आहे. कळणं आणि हात थांबणं यांच्यात जी फट आहे, काम त्या फटीवर करायचं आहे. उपदेश कळण्याच्या बाजूला पडतो, जिथे त्याची गरजच नसते.

"खोटारडी" हा शब्दही इथेच खाली ठेवायला हवा. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी 1928 मध्ये अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची पाहणी प्रसिद्ध केली. वर्गातली परीक्षा, खेळ, घरी करायचं काम, पैशांची हाताळणी अशा अनेक ठिकाणी त्यांनी मुलांना फसवणुकीची संधी ठेवून पाहिली. मुलांचे प्रामाणिक आणि अप्रामाणिक असे दोन गट काही सापडले नाहीत. परीक्षेत कॉपी करणारं मूल पैसे जसेच्या तसे परत करत होतं, पैसे ठेवून घेणारं खेळात चोख वागत होतं. प्रसंग बदलला की वागणूक बदलत होती. मला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते, कारण स्वभाव आपल्या हातात नसतो, प्रसंग बराचसा असतो. पर्स कुठे आहे, प्रश्न कसा विचारला, खरं बोलल्यावर काय झालं, हे सगळं प्रसंगात येतं.

शिक्षेचं काय होतं तेही तपासलं गेलं आहे. तलवार आणि ली यांनी 2011 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना केली. एका शाळेत चुकीला छडी, चापट अशी शिक्षा नेहमीची होती, दुसरीत समज देणं किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीत नेणं एवढंच होतं. दोन्ही शाळांतल्या बहुतेक मुलांनी मनाई केलेलं खेळणं चोरून पाहिलं. पण मारकुट्या शाळेतली मुलं खोटं जास्त बोलली आणि, हे महत्त्वाचं, त्यांचं खोटं अधिक सफाईदार होतं. मार खाणाऱ्या मुलांचा सराव झाला होता. पुढे 2015 मध्ये तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते आठ वर्षांच्या 372 मुलांना असंच एकटं सोडलं. साधारण दोनतृतीयांश मुलांनी डोकावलं, आणि डोकावणाऱ्यांतली साधारण दोनतृतीयांश खोटं बोलली. ज्यांना "डोकावलं असशील तर शिक्षा होईल" असं सांगितलं होतं ती खरं बोलण्याची शक्यता कमी होती. "खरं सांगितलंस तर मला बरं वाटेल" किंवा "खरं सांगणं योग्य आहे" असं सांगितलेल्या गटांत ती वाढली, पण शिक्षेची धमकी नसेल तेव्हा. या दोन्ही अभ्यासांतली मुलं आपल्या नऊ वर्षांच्या मुलीपेक्षा लहान आहेत हे खरं. पण भीतीने खोटं सफाईदार होतं ही गोष्ट मोठ्या वयात उलटी होईल असं मानायला काही आधार दिसत नाही.

आता त्या घरात परत जाऊ आणि तीच संध्याकाळ वेगळ्या रीतीने घडवून पाहू.

कागद हातात आल्यावर लगेच मुलीला हाक मारायची नाही. आधी घरातल्या इतर मोठ्यांना विचारायचं की कुणी नोट काढली का, कुणी स्टिकर्स आणले का. याला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत आवाजही खाली येतो. घरातलं दुसरं मूल तिथे असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवायचं. भावंडांसमोर उघडं पडणं हीच एक मोठी शिक्षा आहे. लाज वाटली की माणूस लपतो किंवा दुसऱ्याकडे बोट दाखवतो. चुकलं असं वाटलं तर ते दुरुस्त करायला धजतो. आपल्याला हवी आहे ती दुसरी भावना, आणि ती चारचौघांत उमलत नाही.

मग शेजारी बसायचं आणि प्रश्न न विचारता सांगायचं. साधारण असं:

"माझ्या पर्समधली नोट तू घेतलीस आणि त्याचे स्टिकर्स आणलेस, हे मला कळलंय. मला त्याचं वाईट वाटलं. ती नोट परत कशी करायची, ते आज आपण ठरवणार आहोत."

एवढी तीनच वाक्यं. पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात आईच्या मनातलं, तिसऱ्यात पुढचं काम. "चोरी" हा शब्द नाही, "नेहमी" नाही, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती" नाही. आणि मुलीने काही कबूल करावं अशी अटही नाही. कबुलीजबाब ही न्यायालयाची गरज आहे. घराला पुढचं पाऊल टाकायला कबुलीची गरज नसते.

पुष्कळ मुलं या क्षणी रडतात किंवा गप्प होतात. काही तरीही म्हणतात, "मी नाही घेतले." इथे वादात उतरायचं नाही, पुरावेही एकेक करून मांडायचे नाहीत, कारण प्रत्येक पुराव्याबरोबर तिला एक नवं खोटं रचावं लागेल. "तुला आत्ता सांगणं अवघड जातंय. मी वीस मिनिटांनी परत येते. तेव्हा पहिल्यापासून सांगितलंस तर आधी जे म्हणालीस ते मी मोजणार नाही." असं म्हणून खरोखर उठून जायचं. मागे फिरायला दरवाजा लागतो, तो आपणच ठेवायचा. ज्या मुलांचं तोंड मनाच्या आधी चालतं, विशेषतः ज्यांना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, आहे, त्यांच्या बाबतीत ही वीस मिनिटं फार मोलाची ठरतात. "गृहपाठ झाला?" "झाला!" हे त्यांचं उत्तर बरेचदा ठरवून दिलेलं नसतंच, जीभ घसरून गेलेली असते. वीस मिनिटांनीही मुलगी नाही म्हणाली, तर "बरं. मला जे माहीत आहे त्यावरून मी ठरवते," एवढं म्हणून पुढे जायचं.

एक चूक इथे हमखास होते आणि तिची किंमत बरीच वर्षं मोजावी लागते. "खरं सांग, मी काही करणार नाही," असं म्हणून खरं काढून घ्यायचं आणि मग ओरडायचं. त्या दिवशी मुलगी एकच धडा शिकते. जे पाळता येणार नाही ते आधीच म्हणू नये. "खरं सांगितलंस तरी पैसे परत करावे लागतील, पण मी ओरडणार नाही," हे पाळता येतं.

"का घेतलेस?" हा प्रश्नही मागे ठेवायचा. या वयातलं मूल त्याला "माहीत नाही" असंच उत्तर देतं आणि बरेचदा ते खरं असतं. त्याऐवजी बारीक, उत्तर देता येण्याजोगे प्रश्न विचारायचे. स्टिकर्स कुठून आणलेस? कुणाकुणाला दिलेस? त्यांना काय म्हणालीस? मग ते काय म्हणाले? सहज, भाजी निवडताना किंवा कपड्यांच्या घड्या घालताना, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही अशा वेळी. आपल्या उदाहरणातली मुलगी सांगते की वर्गात चार जणींचा गट आहे, मधल्या सुट्टीत त्या तिला घेत नाहीत, आणि स्टिकर्स वाटले त्या दिवशी त्यांनी तिला घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज आणलेस का?"

घेतलेल्या वस्तूचं मूल पुढे काय करतं, यात कारण बरंचसं उघडं होतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. वस्तू वाटून टाकली असेल तर बहुधा मैत्री विकत घ्यायची असते. स्वतः वापरली असेल आणि ती वस्तू सगळ्यांकडे असून हिच्याकडेच नसेल, तर कारण साधं हवंसं वाटण्याचं आहे. वस्तू न वापरता साठवून ठेवली असेल, किंवा सहज सापडेल अशा जागी "लपवली" असेल आणि ती घरातल्याच कुणा जवळच्या माणसाची असेल, तर मला पहिला प्रश्न पडतो तो या मुलाच्या आयुष्यात अलीकडे काय हरवलं याचा: नवं भावंड, आईवडिलांतली तेढ, सांभाळणारं कुणी दूर गेलेलं. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1956 मध्ये म्हटलं होतं की चोरणारं मूल ती वस्तू शोधत नसतं, जिच्यावर आपला हक्क होता ती आई शोधत असतं, आणि म्हणून अशा चोरीत एक आशा असते. प्रत्येक रबरामागे इतकं खोल काही शोधू नये. पण घरातच, आपल्याच माणसाकडून, पुन्हा पुन्हा घेणाऱ्या मुलाबद्दल हा विचार बाजूला टाकवत नाही.

आणखी एक शक्यता स्पष्ट विचारायलाच हवी: "कुणी तुला पैसे आणायला सांगितले होते का? नाही आणले तर काही करीन असं कुणी म्हणालं का?" मोठी मुलं धमकावून पैसे मागवतात तेव्हा घरातली चोरी हे त्याचं पहिलं दिसणारं लक्षण असू शकतं. पैसे गेले पण घरात किंवा दप्तरात त्या पैशांचं काहीच आलेलं दिसत नाही, असं असेल तर ही शंका आधी घ्यायची. त्या मुलाला शिक्षा केली तर दोन्हीकडून कोंडी होते.

आता परतफेड. कठोर शिक्षा नको म्हणणाऱ्या घरांत इथे उलटी चूक होते: मूल रडलं, मिठी मारली, विषय संपला. नोट गेलीच. मग मुलाच्या लेखी घडलं काय? रडलं की हिशोब मिटतो. शिक्षा आणि परतफेड यांतला फरक असा की शिक्षेने मुलाला त्रास होतो, परतफेडीने ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून निघतं. दुसरी गोष्ट टाळता येणार नाही.

तिचं माप मात्र नीट काढायचं. समजा ती नोट मुलीच्या दोन आठवड्यांच्या हातखर्चाएवढी आहे. सगळा हातखर्च दोन आठवडे बंद केला तर हातात काहीच उरत नाही, आणि पुन्हा पर्सकडे हात जाण्याची शक्यता आपणच वाढवतो. म्हणून दर आठवड्याला अर्धा कापायचा, म्हणजे चार आठवड्यांत फिटतं. या वयाला चार आठवडे ही बाहेरची मर्यादा समजावी. त्यापुढे रेंगाळणारी फेड कशासाठी चालली आहे हेच मुलाच्या मनातून निघून जातं आणि ती नुसती नाराजी बनते. रक्कम मोठी असेल तर फेड लांबवायची नाही. काही भाग कामाने फेडायचा: तिच्या रोजच्या वाट्याची नसलेली, अर्ध्या तासात संपणारी, तिला एकटीला जमणारी कामं. एका कामाचे किती धरायचे ते दोघींनी मिळून आधी ठरवायचं. हातखर्च देतच नसाल तर सगळी फेड कामाने होईल, आणि त्यानंतर थोडा का होईना हातखर्च सुरू करावा असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे स्वतःचं काहीच नसतं त्याला दुसऱ्याच्या वस्तूचं मोल शिकवणं कठीण जातं.

एका कागदावर चार चौकोन काढायचे, प्रत्येक फेडीला एक भरायचा, आणि तो कागद तिच्या खणात ठेवायचा. सगळ्यांना दिसेल असा भिंतीवर नाही.

उरलेले स्टिकर्स तिला ठेवू द्यायचे नाहीत. ते आईकडे जातात. पण मैत्रिणींना वाटलेले परत मागायला तिला पाठवायचं नाही. तसं केलं तर ज्या एका गोष्टीसाठी तिने हे केलं तीच आपण तिच्याकडून सर्वांदेखत हिसकावून घेऊ. वस्तू वर्गातल्या मुलाची असती तर मात्र ती परत गेलीच पाहिजे, शक्यतो दुसऱ्या दिवशीच. त्यासाठी आधी शिक्षकांशी बोलून ठेवायचं, वर्गासमोर विषय निघणार नाही एवढी हमी घ्यायची, आणि मोठ्या माणसाच्या सोबतीने मुलाने स्वतःच्या हाताने ती द्यायची. बोलायचं वाक्य एक पुरे: "मी हे घेतलं होतं, ते परत आणलंय." माफी मागायला भाग पाडू नये. दडपणाखाली म्हटलेलं "सॉरी" हेही एक छोटं खोटंच असतं, आणि नेमकं आजच ते आपण शिकवावं हे मला पटत नाही. वस्तू वापरून संपली असेल तर तशीच दुसरी घेऊन द्यायची, वरच्याच हिशोबाने.

खोट्याचं वेगळं काय करायचं? वीस मिनिटांनी तिने खरं सांगितलं असेल तर काहीच नाही, आणि ते तिला ऐकवायचं: "हे सांगायला अवघड होतं. सांगितलंस ते बरं झालं." फेड मात्र तेवढीच राहते. खरं बोलण्याने फेड माफ झाली तर कबुली हे सुटकेचं तिकीट होतं. खरं बोलण्याने फेड वाढली तर पुढच्या वेळी कुणी खरं बोलत नाही. तिने शेवटपर्यंत नाकारलं असेल तर खोट्यासाठी एक छोटी, विश्वासाशी जोडलेली गोष्ट पुरते: आठवडाभर गृहपाठ "झाला" असं तोंडी सांगणं चालणार नाही, दाखवावा लागेल. तो आठवडा संपला की तीही संपली.

लबाडीचे परिणाम सांगणाऱ्या गोष्टी ऐकवाव्यात का, असं विचारलं जातं. 2014 मध्ये ली, तलवार आणि सहकाऱ्यांनी तेही पाहिलं. "लांडगा आला रे आला" ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट ऐकून तीन ते सात वर्षांच्या मुलांच्या खरं बोलण्यात फरक पडला नाही. झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांनी कौतुक केलेल्या मुलाच्या गोष्टीने पडला. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खोट्याचा वाईट परिणाम दाखवला, तर तोही फरक नाहीसा झाला. मुलांना खोट्याची शिक्षा आधीच ठाऊक असते. खरं सांगितल्यावर घर कोसळत नाही, हे त्यांना ठाऊक नसतं.

हे सगळं झालं ते आईला खात्री होती म्हणून. खात्री नसेल तर? "मी डोळ्यांत बघून ओळखतो" यावर विसंबू नये. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी 2006 मध्ये असंख्य प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला तेव्हा माणसं खरं-खोटं ओळखण्यात सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवण्याहून किंचित बरं. नजर चुकवणारं मूल नुसतं घाबरलेलंही असू शकतं. त्यामुळे एकदाच घडलेल्या, पुरावा नसलेल्या प्रसंगात मुलाला काही न म्हणता आपली व्यवस्था बदलणं उत्तम. पुन्हा पुन्हा वस्तू गायब होत असतील, तर अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि जॉन रीड यांनी चोरी करणाऱ्या मुलांच्या कुटुंबांबरोबर जी रीत वापरली ती उपयोगी पडते. ते म्हणत की चोरी सिद्ध करायच्या मागे लागू नका, कारण सिद्ध होईपर्यंत ती दहा वेळा होऊन जाते. नियम उलटा करा: ज्या वस्तूचा हिशोब देता येत नाही ती मुलाजवळ असता कामा नये. "सापडली", "कुणीतरी दिली", "अदलाबदल केली" ही कारणं चालत नाहीत. वस्तू आणली तर त्याच दिवशी घरी दाखवायची, देणाऱ्याला विचारलं जाईल. नाही दाखवली आणि सापडली, तर ती जाते आणि त्याच दिवशी एक छोटं काम करावं लागतं. भाषण नाही, चौकशी नाही. कधीतरी यात मुलावर अन्याय होईल, म्हणून तर परिणाम छोटा ठेवायचा. ही रीत वारंवार घडणाऱ्या चोरीसाठी आहे. एकदा घडलेल्या गोष्टीवर ती लादली तर घराचं ठाणं होतं.

पर्सबद्दल. ती आता उंचावर किंवा बंद कपाटात राहील, आणि हे मुलीला सांगायचं: "पर्स समोर असली की हात जाऊ शकतो, म्हणून मी ती आत ठेवतेय." परीक्षा म्हणून मुद्दाम नोट बाहेर ठेवून बघणं अजिबात नको. त्यात मूल नापास झालं तर ते आपण घडवलेलं असतं, आणि पास झालं तरी कधीतरी त्याला सापळा होता हे कळतं.

आणि तो चार जणींचा गट. हा भाग राहून गेला तर बाकी सगळं नीट करूनही नोटा जातच राहतील. शिक्षकांना फक्त एवढं सांगायचं की मधल्या सुट्टीत ती एकटी पडते, तिला एखाद्या कामात जोडी देता येईल का. पैशांचं सांगायची गरज नाही. त्या चौघींतली सर्वांत मवाळ कोण ते मुलीलाच विचारायचं आणि तिला एकटीला, एका दुपारी, दोन तासांसाठी घरी बोलवायचं. चौघींना एकदम बोलावलं तर शाळेतलं चित्र घरी उमटतं.

पुन्हा घडू शकतं. घडलं तर तेच सगळं, त्याच मापाने. दुप्पट नाही. दोन प्रसंगांतलं अंतर वाढतंय का, दुसऱ्या वेळी खरं लवकर बाहेर आलं का, हे बघायचं. सहा महिन्यांत अंतर कमीच होत गेलं, घराबरोबर शाळेत आणि बाहेरही घडू लागलं, जोडीला मारहाण, प्राण्यांना इजा, मुद्दाम आग लावणं, शाळा बुडवणं यांतलं काही आलं, तर हे घरच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत वर्तनविकाराच्या निदानासाठी 15 लक्षणांपैकी किमान 3 गेल्या 12 महिन्यांत, आणि त्यांतलं एक तरी गेल्या 6 महिन्यांत, असावं लागतं. एखादी नोट आणि एक "नाही" यापासून हे फार दूर आहे. मात्र त्या वाटेची चाहूल लागली तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे लवकर गेलेलं बरं. अचानक सुरू झालेली चोरी आणि तिच्याबरोबर झोप, भूक किंवा अभ्यासात झालेला बदल असेल तरी जावं, वरचं एकही लक्षण नसलं तरी.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी चौथा चौकोन भरला जातो. तो कागद मुलीने स्वतः फाडायचा. त्यानंतर कपाटात काही सापडेना झालं, भावाची पेन्सिल हरवली, तरी "तू तर नाही ना घेतलीस, त्या वेळेसारखी?" असं विचारायचं नाही. कागद फाडताना ती बहुधा विचारेल, "आता झालं?"

"झालं," म्हणायचं.